‘शबे’ हा शब्द कोशात का सापडत नाही?

गझल नव्याने ऐकू लागलेला माणूस हमखास एका ठिकाणी अडतो. सूर आवडतो, दोन-तीन शब्द ओळखीचे वाटतात, मग ‘शबे’, ‘चश्मे’, ‘सरे’ असे काहीतरी कानावर पडते. कोशात ‘शबे’ शोधावा तर तो नसतो. ‘चश्मे’ म्हटल्यावर मराठी माणसाला नाकावरचा चष्मा आठवतो आणि ओळीचा अर्थ भलतीकडे जातो. अडचण उर्दू येत नसल्याची असते, पण तितकीच शब्द कुठे तोडायचे हे ठाऊक नसल्याचीही असते. ही तोडणी जमली की अर्धी गझल कळते.

उदाहरणासाठी, या लेखापुरतेच रचलेले दोन शेर घेऊ.

शब-ए-हिज्र में इक दिया जागता है
मिरी चश्म-ए-तर सा सदा जागता है

सर-ए-शाम ज़ाहिद तो सोने चला है
मगर मय-कदे में गदा जागता है

आधी पहिला शेर. लिहिलेल्या ‘शब-ए-हिज्र’मधला ‘ए’ गाताना मागच्या ‘ब’ला चिकटतो आणि आपल्याला ‘शबे हिज्र’ ऐकू येते. दोन शब्द जोडणाऱ्या या ‘ए’ला इज़ाफ़त म्हणतात. फारसीतून आलेली ही जोडणी मराठीच्या उलट क्रमाने चालते. शब म्हणजे रात्र, हिज्र म्हणजे विरह. वाचायचे मागून पुढे: विरहाची रात्र. दुसरा शब्द नाम असेल तर ‘चा-ची-चे’ लावावे. तो विशेषण असेल तर फक्त क्रम फिरवावा. चश्म म्हणजे डोळा, तर म्हणजे ओला, म्हणून चश्म-ए-तर म्हणजे ओला डोळा. तेव्हा ‘ए’कारान्त शब्द कोशात मिळाला नाही, तर शेवटचा ‘ए’ काढून पुन्हा शोधावा. ‘शबे’ मिळणार नाही, ‘शब’ मिळेल.

‘ओ’चेही असेच. शब-ओ-रोज़ कानाला ‘शबो रोज’ लागते, पण तो ‘ओ’ म्हणजे आपला ‘आणि’. रात्र आणि दिवस. इथे क्रम फिरवायचा नसतो. ‘मय-कदा’मध्ये मात्र ‘ए’ही नाही आणि ‘ओ’ही नाही. तो सरळ समास आहे: मय म्हणजे मद्य, कदा म्हणजे जागा, मिळून मद्यालय.

‘मिरी’ हा निराळा शब्द नाही. ती ‘मेरी’च आहे, वृत्तासाठी आखूड केलेली. या ओळींचे वृत्त उर्दूत मुतक़ारिब म्हणून ओळखले जाते. त्याची चाल आपल्या भुजंगप्रयातासारखीच: एक लघु, दोन गुरू, असे चारदा. ओळीच्या सुरुवातीला लघु हवा म्हणून ‘मेरी’ची ‘मिरी’ झाली. ‘तेरा’चा ‘तिरा’ आणि ‘एक’चा ‘इक’ होतो तोही याच कारणाने.

आता अर्थ लावू. विरहाच्या रात्री एक दिवा जागा आहे. माझ्या ओल्या डोळ्यासारखा तोही सदोदित जागाच असतो. एरवी डोळ्याला दिव्याची उपमा देतात. इथे दिव्याला डोळ्याची दिली आहे, म्हणजे जागण्याचे खरे माप डोळ्याचे आहे, दिवा त्याची बरोबरी करू पाहतो. हे शब्दार्थात मिळत नाही, ‘सा’ कुणाला लागला आहे हे पाहिल्यावर मिळते.

‘सदा’पाशी थोडे थांबायला हवे. उर्दूत सदा म्हणजे नेहमी, आणि सदा म्हणजे हाक किंवा आवाजही. उर्दू लिपीत त्यांची अक्षरे वेगळी आहेत, देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात. मग निवडायचे कसे? क्रियापद पाहावे. हाक या अर्थाची सदा स्त्रीलिंगी आहे, ती असती तर ‘जागती है’ झाले असते. ‘जागता है’ असल्यामुळे इथे ‘नेहमी’ हाच अर्थ.

गझलेची बांधणीही कानाला मदत करते. दोन्ही शेरांच्या शेवटी ‘जागता है’ आहे, हा रदीफ़. त्याआधीचे सदा, दिया, गदा हे ‘आ’वर मिळणारे शब्द म्हणजे क़ाफ़िया. पहिल्या शेरात, म्हणजे मतल्यात, हे दोन्ही ओळींत येतात. पुढच्या शेरांत फक्त दुसऱ्या ओळीत. त्यामुळे गायक ‘सर-ए-शाम’ची ओळ तीन-चारदा आळवत असेल आणि रदीफ़ आला नसेल, तर विधान अजून अर्धेच आहे हे ओळखावे. ती ओळ मनात धरून ठेवावी. रदीफ़ आला की शेर पुरा झाला. पुढचा शेर याच विषयावर असेल असे मात्र समजू नये; गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, आणि सलग गोष्ट शोधणारा नवा श्रोता इथेच गोंधळतो.

दुसऱ्या शेरात ‘गदा’ आहे. मराठी कानाला भीम आणि मारुती आठवतील, पण फारसी गदा म्हणजे भिकारी, याचक. असे चकवे पुष्कळ आहेत. आपण प्रयत्नांची शिकस्त करतो, उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव, मोडणे. आपली कैफियत मांडली जाते, तिथली कैफ़ियत ही मनाची अवस्था असते, कधी धुंदीही. मराठीने फारसीतून उदंड शब्द घेतले, काहींचे अर्थ इथे येऊन बदलले. माधव जूलियन यांचा १९२५चा ‘फार्शी-मराठी कोश’ यासाठी आजही उघडावा. रेख़्ताच्या संकेतस्थळावर गझला देवनागरीतही आहेत आणि शब्दावर बोट ठेवले की अर्थ दिसतो.

तरीही कोश एका जागी संपतो. सर-ए-शाम म्हणजे तिन्हीसांजेलाच. ज़ाहिद म्हणजे विरक्त, व्रतस्थ. शब्दशः अर्थ असा: व्रतस्थ संध्याकाळीच झोपायला निघाला, पण मद्यालयात भिकारी जागा आहे. एवढ्यावर थांबलो तर ही एका दारुड्याची गोष्ट होईल. गझलेच्या परंपरेत ज़ाहिद हे ठरलेले पात्र आहे. तो स्वतःच्या सोवळेपणाचा ताठा मिरवणारा. मय म्हणजे बहुतेकदा प्रेमाची धुंदी, सूफ़ी वळणाच्या शेरात ईश्वरी प्रेमाची. मग चित्र पालटते. रात्र जागून आराधना करणे ज्याचे काम, तो निजला. ज्याच्यापाशी काहीच नाही, तो प्रेमाच्या दारी मागत जागा राहिला. साक़ी, शमा आणि परवाना, गुल आणि बुलबुल, रक़ीब म्हणजे प्रेमातला प्रतिस्पर्धी, ही अशीच ठरलेली पात्रे. ती मोजकीच आहेत आणि शेकडो गझलांत पुन्हा पुन्हा भेटतात.

काही वेळा मात्र शब्द आणि पात्रे माहीत असूनही शेर उघडत नाही, कारण त्यात एखादी दूरची चालरीत असते. गालिबच्या दीवानातल्या पहिल्याच शेरात कागदी वस्त्राचा उल्लेख आहे. वाचक अडले, तेव्हा गालिबने पत्रातून खुलासा केला: इराणात न्याय मागणारा कागदाचे कपडे घालून राजापुढे जाई. कागदावर काढलेले प्रत्येक चित्रही म्हणूनच फिर्यादी ठरते, आपल्याला घडवणाऱ्याविरुद्ध दाद मागणारे. असा शेर कोशाने सुटत नाही, त्याला टीका हवी.

म्हणून नव्या श्रोत्याने एक गझल निवडावी आणि तिचा छापील पाठ समोर ठेवावा. गायक सहसा सगळे शेर गात नाहीत, म्हणून कोणते गायले तेवढे आधी खुणावून घ्यावेत. मग ‘ए’ आणि ‘ओ’ तोडावेत, उरलेले शब्द कोशात पाहावेत, क्रियापदाच्या लिंगावरून आपली निवड तपासावी, आणि पात्र ओळखून अर्थ पुन्हा लावावा. मध्येच एखादा शेर सुटला नाही तर तो बाजूला ठेवून पुढे जावे. शेर स्वतंत्र असल्यामुळे एक न कळल्याने बाकीचे अडत नाहीत.