मनीच्या खांद्यातलं गुपित

मनीला मांडीवर घे आणि तिच्या मानेखाली, खांद्याच्या पुढे, बोट हलकेच फिरव. आपल्याला तिथे गळपट्टीचं हाड लागतं, छातीपासून खांद्यापर्यंत सांधलेलं. मांजरालाही ते असतं, पण काडीसारखं बारीक, दुसऱ्या कुठल्याच हाडाला न जोडलेलं, नुसतं स्नायूंमध्ये रुतून बसलेलं. म्हणून तिचे खांदे एकमेकांजवळ दबतात, आणि डोकं शिरलं की कणगीमागच्या फटीतून सगळी मनी निघून जाते.

बाहेर फिरवताना हार्नेसमधून ती निसटते तीही याच खांद्यांमुळे. पुढे ओढ घेताना ती त्यात नीट अडकते. पण कुत्रा भुंकला की ती मागे सरकते. आपण घाबरून समोरून दोरी ताणतो, आणि पट्टा खांद्यांवरून, कोपरांवरून, डोक्यावरून निघून आपल्या हातात येतो! मग मनी भातखाचरापलीकडे. आपलं तळेघर भीमाशंकरच्या वाटेवरचं. आपले लोक ज्याला वाघच म्हणतात तो बिबट्या या डोंगरात फिरतो, आणि मांजरही त्याचं खाद्यच. म्हणून फिरवायचं ते लख्ख उजेडात, आणि दोरी खुंटीला बांधून आपण घरात जायचं नाही.

पट्टा नुसता गळ्यात नको, हिसका घशाला बसतो. मानेभोवती आणि पुढच्या पायांमागे छातीभोवती बसणारा हार्नेस घ्यायचा. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. तिसरं गेलं तर तो सैल.

आधी तो तिच्या झोपायच्या गोधडीवर पडू दे, त्याला घरचा वास लागू दे. मग तिच्या आवडीच्या सुकटीचा तुकडा देता देता अंगावर नुसता ठेव, दुसऱ्या वेळी बंद लाव आणि थोड्याच वेळात काढ. पहिल्यांदा ती कुशीवर आडवी पडेल, जणू पायच गेले. दुखत नसतं तिला. अंगाला सगळीकडून काही लागलं की मांजर थिजतं. उचलून उभी करू नकोस. सुकट थोडी लांब धर. ती स्वतः उठून चालली, शेपटी वर झाली, की समज पट्टा मानवला. घाई केलीस तर पट्टा दिसताच ती माळ्यावर पळेल. मग पुन्हा गोधडीपासून सुरुवात.

घरात ती पट्ट्यासकट खेळायला लागली की दोरी लाव. पहिल्यांदा अंगणात नेताना पाटीत घालून ने. उंबरा स्वतः ओलांडायची सवय लागली तर पट्टा नसतानाही ती दारातून सटकेल.

बाहेर कान चपटे झाले, पोट जमिनीला टेकलं, शेपूट फुगलं, तर पुढचं पाऊल मागेच पडणार हे ओळख. तेव्हा दोरी ताणायची नाही. ढिली सोडून तू तिच्याकडे जा, खाली बस, अंगावर टॉवेल टाकून गुंडाळ आणि पाटीत ठेव. उघड्या हातांनी धरलंस तर ती तुलाही ओरबाडेल.