वायरमनच्या पाठपत्रिका आणि त्यांची उत्तरसूची

1967 साली मुंबईत पहिले श्रमिक विद्यापीठ स्थापन झाले आणि प्रौढ कामगारांच्या धंदेशिक्षणाला एक स्वतंत्र ठिकाण मिळाले. त्यानंतरच्या दशकांत अशा वर्गांसाठी वायरमनच्या कामाच्या ज्या इंग्रजी पाठपत्रिका मराठीत आल्या, त्यांतील पुष्कळशा माझ्या हाताखालून गेल्या, आणि आज मागे वळून पाहताना असे निश्चयपूर्वक म्हणावेसे वाटते की, त्यांतील मजकुराचे भाषांतर बहुधा चांगले होत असे, परंतु शेवटच्या पानावरील उत्तरसूचीकडे मात्र कोणीच पाहत नसे.

प्रारंभीच्या काळात उत्तरसूची ही केवळ आकड्यांची यादी, तेव्हा ती जशीच्या तशी उतरवावी, असा सर्वसाधारण समज होता. एका अमेरिकन पत्रिकेतील उदाहरण घेऊ. 1000 वॅटच्या दोन इस्त्र्या 15 अँपिअरच्या एकाच सर्किटवर एकदम चालतील काय, असा प्रश्न होता. तेथील वीज 120 व्होल्टची. म्हणून एका इस्त्रीला 8.33 आणि दोहोंना मिळून 16.67 अँपिअर लागतात, सर्किट तुटते, आणि उत्तर ‘नाही’ असे येते. भाषांतरकाराने प्रश्नात आपल्याकडील 230 व्होल्ट घातले व उत्तर तसेच ठेवले. वस्तुतः 230 व्होल्टवर एका इस्त्रीला 4.35 आणि दोहोंना 8.7 अँपिअर लागतात, म्हणजे सर्किट निर्वेध चालते आणि उत्तर ‘होय’ असे होते. दिवसपाळी करून आलेला, भागाकार अचूक केलेला चाळिशीचा गृहस्थ छापील ‘नाही’ वाचून स्वतःचेच गणित खोडू लागतो, कारण छापलेल्या अक्षरावर त्याचा स्वतःपेक्षा अधिक विश्वास असतो; हे दृश्य मी वर्गात पाहिले आहे आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

आकड्यांपेक्षा तारांचे रंग अधिक घातक. अमेरिकेत घरगुती वायरिंगमध्ये काळी तार फेजची व पांढरी न्यूट्रलची. आपल्याकडे काळी तार न्यूट्रलची, आणि लाल, पिवळी, निळी या तीन फेजच्या. ब्रिटनने 2004 ते 2006 या काळात घरगुती वायरिंगचे रंग बदलून न्यूट्रलसाठी निळा रंग मुक्रर केला, तेव्हापासून तिकडच्या नव्या पत्रिकेतील ‘निळी तार न्यूट्रलला जोडा’ हे वाक्य शब्दशः मराठीत आणणे म्हणजे थ्री-फेजच्या बोर्डावर काम करणाऱ्याच्या हाती फेज देणेच होय. पुढे जाणत्या भाषांतरकारांनी रंगांचे कोष्टक प्रथम भारतीय रीतीप्रमाणे नव्याने मांडण्याची आणि नंतरच मजकुराला हात घालण्याची पद्धत पाडली, ती सर्वथैव योग्य होती.

कृतींच्या क्रमाविषयीही असेच झाले. इंग्रजी वाक्य ‘झाकण काढा’ असे आधी सांगून ‘मेन स्विच बंद केल्यावर’ ही अट मागाहून जोडू शकते. एकेक ओळ वाचीत हात चालविणाऱ्या माणसाला ती अट पोहोचेपर्यंत झाकण निघालेले असते. ‘मेन स्विच बंद करून, टेस्टरने खातरजमा करून, मग झाकण काढा’ ही मराठीची स्वाभाविक चालच येथे सुरक्षित ठरली.

सर्वांत बोधप्रद वाटले ते जिन्याच्या दिव्याचे प्रात्यक्षिक. फेज खालच्या टू-वे स्विचच्या मधल्या टर्मिनलला येते, तेथून दोन तारा वरच्या स्विचच्या दोन बाजूंच्या टर्मिनलांना जातात, वरच्या स्विचच्या मधल्या टर्मिनलापासून होल्डरला तार जाते, आणि न्यूट्रल थेट होल्डरला मिळते. उत्तरसूचीत लिहिलेले असे, की दोन्ही स्विच एकाच बाजूला असतील तर दिवा लागतो. परंतु मधल्या दोन तारांची एका टोकाला अदलाबदल झाली, तरी जोडणी तितकीच निर्दोष राहते. फक्त कोष्टक उलटते आणि दोन्ही स्विच विरुद्ध बाजूंना असता दिवा लागतो. सूचीबरहुकूम गुण देणारा निदेशक अशा विद्यार्थ्याचे बरोबर काम चूक ठरवितो. उलट, ज्याने फेजऐवजी न्यूट्रल स्विचमधून नेली, त्याचा दिवा सूचीप्रमाणे बिनचूक लागतो व विझतो, मात्र दिवा विझलेला असतानाही होल्डरवर टेस्टर उजळतो, आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसतो. नंतरच्या काही पत्रिकांत ‘कोष्टक उलटे आले तरी जोडणी मान्य करावी, दिवा बंद असता होल्डर टेस्टरने तपासावा’ अशी पुस्ती मराठीत जोडली गेली, जी मूळ इंग्रजीत नव्हती. माझ्या मते या साऱ्या कालखंडातील भाषांतराचे ते सर्वांत मोलाचे काम होय.

यापुढे अशी पत्रिका जो कोणी मराठीत आणील, त्याला एवढीच विनंती आहे, की मूळ उत्तरसूची झाकून ठेवून प्रत्येक उदाहरण आपल्या मराठी प्रश्नावरून नव्याने सोडवावे, आणि छपाईपूर्वी मराठी मजकूर एखाद्या वायरमनच्या हाती देऊन त्याच्याकडून ती जोडणी फळीवर करवून घ्यावी.