तक्रारींच्या नकाशावरचा लाल रंग

मुंबईत खड्डा पडला, कचरा उचलला नाही किंवा गटार तुंबलं, की तक्रार जमा होते ती वॉर्डाच्या खात्यावर. त्यामुळे कुठल्या भागात जास्त त्रास आहे हे दाखवायचं म्हटलं की सर्वांत सोपा मार्ग सुचतो तो वॉर्डच रंगवण्याचा. जास्त तक्रारी तिथे लाल, कमी तिथे फिका. असा हीट मॅप हातात आला की लोक तो बातमीसारखा वाचतात. ‘आमचा वॉर्ड लाल आहे’ म्हणून भांडतातही.

पण वॉर्ड काही सारख्या मापाचे नाहीत. 2011 च्या जनगणनेत डोंगरी-मशीद बंदरचा बी वॉर्ड सव्वा लाखाच्या थोडा वर होता, तर मालाडच्या पी-उत्तरची लोकसंख्या 9 लाख 41 हजार होती. समजा दोन्हींत वर्षाला 600 तक्रारी आल्या. नकाशावर दोघांचा रंग एक. दर दहा हजार लोकांमागे मोजलं तर मात्र बी वॉर्डात 47 आणि पी-उत्तरमध्ये 6, म्हणजे सातपटीहून जास्त फरक. मग लोकसंख्येनं भागलं की काम झालं? तेही नाही. बी वॉर्ड घाऊक बाजाराचा आहे. तिथे दिवसा येणारी माणसं रात्री राहणाऱ्यांत मोजलेली नसतात, पण कचरा त्यांचाही असतो. खड्ड्यांच्या तक्रारी तर माणसांमागे मोजण्यापेक्षा रस्त्याच्या किलोमीटरमागे मोजलेल्या बऱ्या. थोडक्यात, रंग द्यायच्या आधी कशानं भागायचं ते ठरवावं लागतं, आणि ते तक्रारीच्या प्रकारावर अवलंबून असतं.

वॉर्डाची दुसरी अडचण त्याच्या आकाराची. उपनगरातल्या काही वॉर्डांच्या हद्दीत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग येतो. वॉर्ड लाल केला की जंगलही लाल होतं. डोळा क्षेत्रफळ बघतो, त्यामुळे मोठा वॉर्ड उगाच जास्त दोषी वाटतो.

म्हणून जाणकार वॉर्डाच्या सीमा बाजूला ठेवून शहरावर सारख्या मापाच्या चौकटींची जाळी टाकतात आणि प्रत्येक चौकटीत किती तक्रारी पडल्या ते मोजतात. इथे एक तांत्रिक खोच आहे. जाळी अक्षांश-रेखांशांच्या अंशांत आखली तर चौकटी चौरस होत नाहीत. मुंबईच्या अक्षांशावर 0.01 अंश उत्तर-दक्षिण 1.1 किलोमीटर भरतो, पण पूर्व-पश्चिम 1.05 च. त्यासाठी नकाशा आधी मीटरमध्ये आणायचा. मुंबईला `EPSG:32643` ही प्रणाली चालते. त्यानंतर येतो खरा प्रश्न, चौकट केवढी घ्यायची?

एक उदाहरण आकड्यांनी करून बघू. समजा 24 चौरस किलोमीटरच्या एका भागात वर्षभरात 1,200 तक्रारी आल्या. चौकट 100 मीटरची घेतली तर 2,400 चौकटी होतात, सरासरी अर्धी तक्रार. नकाशा फार बारकाव्याचा दिसतो, पण गंमत अशी की या 1,200 तक्रारी डोळे मिटून कुठेही टाकल्या, तरी निव्वळ योगायोगानं तीस-पस्तीस चौकटींत तीन किंवा अधिक जमतील. त्या सगळ्या नकाशावर ठळक दिसणार आणि कुणीतरी त्यांची कारणं शोधत बसणार. उलट, एक किलोमीटरची चौकट घेतली तर एकूण 24 चौकटी, प्रत्येकीत सरासरी 50. आकडे भरवशाचे, पण बाजारपेठेचा गजबजलेला रस्ता आणि शेजारची शांत सोसायटी एकाच रंगात मिसळून जाते. 500 मीटरवर 96 चौकटी आणि सरासरी साडेबारा तक्रारी मिळतात. एवढ्या आकड्यात नशिबाचा चढउतार मूळ आकड्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे साडेतीनच्या आसपास धरतात. तेव्हा एका चौकटीत 12 आणि शेजारी 15 असतील तर तो फरक सोडून द्यावा. 12 आणि 30 असतील तर मात्र तिथे जाऊन बघण्यासारखं काही आहे. मी इथे 500 मीटर निवडेन.

निवड बरोबर आहे का हे तपासायची सोपी युक्ती आहे. चौकटीचं माप तेच ठेवून सगळी जाळी 250 मीटर पूर्वेला आणि तेवढीच उत्तरेला सरकवायची. खरा तापलेला भाग दोन्ही नकाशांत साधारण त्याच जागी राहतो. रेषा हलताच तो विरघळला, तर तो रेषेनं घडवला होता. मोबाइलवर दिसणाऱ्या धूसर, ढगाळ हीट मॅपना ही परीक्षा जास्तच लागू आहे. त्यांतल्या बऱ्याच नकाशांत ठिपक्याचा पसारा मीटरमध्ये नसून पडद्यावरच्या पिक्सेलमध्ये ठरलेला असतो. झूम बदललं की ढग बदलतो, तक्रारी तेवढ्याच असतात.

आता समजा आपल्या नकाशात एका चौकटीत 140 तक्रारी निघाल्या आणि बाकी कुठेही 35 च्या वर नाहीत. रंगवायच्या आधी या चौकटीची मूळ यादी उघडून बघावी. पुष्कळदा त्यातल्या बहुतेक तक्रारींचा अक्षांश-रेखांश शेवटच्या अंकापर्यंत एकच निघतो. ज्यांचा पत्ता संगणकाला सापडला नाही, त्या त्यानं पिनकोडच्या मध्यबिंदूवर किंवा वॉर्ड ऑफिसवर टाकलेल्या असतात. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका शेतघराच्या नशिबी हेच आलं. इंटरनेट पत्त्यांवरून ठिकाण सांगणाऱ्या एका यादीत ज्यांचं नेमकं ठिकाण माहीत नाही असे पत्ते देशाच्या मध्याजवळच्या बिंदूवर टाकलेले होते. तो बिंदू या घरापाशी येत होता, आणि ऑनलाइन फसवणुकीचा माग काढत लोक वर्षानुवर्षं तिथे धडकत राहिले. एकाच माणसानं त्याच गटारीबद्दल वीसदा केलेली तक्रारही इथेच पकडता येते. ती एक धरायची की वीस, हे ठरवून नकाशाखाली लिहावं.

रंगांत फसवणूक दोन जागी होते. पहिली, पट्टे कसे पाडले त्यात. 0 ते 140 चे पाच सारखे भाग केले तर पहिलाच पट्टा 28 पर्यंत जातो आणि जवळपास सगळा भाग फिका, निर्धोक दिसतो. त्याऐवजी प्रत्येक रंगाला सारख्याच चौकटी वाटल्या तर 96 पैकी 19 चौकटी गडद लाल होणारच, मग शहर कितीही सुधारो. शिवाय 30 आणि 140 एकाच रंगात जातात. माझ्या मते सामान्य वाचकासाठी पट्टे गोल आकड्यांचे असावेत: 0, 1 ते 5, 6 ते 10, 11 ते 20, 21 ते 40 आणि त्यावर. ते वाचणाऱ्याला पडताळता येतात.

दुसरी जागा म्हणजे रंगांची निवड. निळा, हिरवा, पिवळा, लाल असा इंद्रधनुषी पट्टा दिसायला झकास, पण त्यात मधला पिवळा सर्वांत उजळ असतो, त्यामुळे डोळा मधल्या आकड्यांवरच खिळतो. हिरव्यातून पिवळ्यात जाताना प्रत्यक्षात नसलेली सीमारेषाही दिसते. मॅटप्लॉटलिब या प्रसिद्ध आलेख-साधनानं 2017 मध्ये आपोआप लागणारा जुना इंद्रधनुषी पट्टा बदलून त्या जागी `viridis` हा क्रमानं उजळत जाणारा पट्टा ठेवला तो याच कारणांनी. तक्रारींसाठी एकाच रंगाच्या फिक्या ते गडद छटा पुरेशा आहेत. लाल-हिरवी जोडी तर टाळावीच. ज्यांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत त्यांना ती निरुपयोगी आहे, आणि हिरवा म्हणजे ‘सगळं ठीक’ असा अर्थ आपोआप चिकटतो. शून्य तक्रारी म्हणजे समस्या नाही असं नसतं. वस्तीत कुणाला ॲप वापरता येत नसेल, किंवा तक्रार करून काही होत नाही असं लोकांनी ठरवून टाकलं असेल, तरी शून्यच दिसतं. जंगल, खाडी, रिकामी जमीन करडी ठेवावी, म्हणजे शून्य तक्रारींची वस्ती त्यांच्यात हरवत नाही.

महिन्यामहिन्याचे नकाशे शेजारी ठेवायचे असतील तर पट्टे एकदाच ठरवून तेच कायम वापरावेत. दर महिन्याला नव्यानं पाडले तर तक्रारी निम्म्यावर आल्या तरी नकाशा तितकाच लाल राहतो. तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या भागाचा असा नकाशा कुणी पाठवला तर चौकटीचं माप, पट्ट्यांचे आकडे आणि तक्रारींचा काळ विचारा. तिन्ही मिळेपर्यंत तो पुढे पाठवू नका.