मित्राच्या बढतीवर जाहीर चार शब्द

रायपूरच्या तेलीबांधा भागात मराठी कुटुंबांचा एखादा स्नेहमेळावा आहे, अशी कल्पना करा. एकाच बँकेत, एकाच वर्षी रुजू झालेल्या दोन मित्रांपैकी एकाला शाखा व्यवस्थापकपदी बढती मिळाली आहे. अभिनंदनाचे भाषण दुसऱ्याला करायचे आहे. त्याच पदासाठी त्यानेही मुलाखत दिली होती, हे श्रोत्यांना ठाऊक आहे.

अशा वेळी मत्सर लहानशा शब्दांतून डोकावतो. ‘अखेर बढती मिळाली’ यातील ‘अखेर’ विलंबाची आठवण करून देतो. ‘नशीब फळफळले’ म्हटले की मित्राचे श्रम पुसले जातात. ‘आता आम्हांला ओळख दाखवा बरे’ हा विनोदही टोचतोच.

मग बोलावे काय? स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगावी : ‘मार्चअखेरीस नव्या कारकुनाचा हिशेब चुकला, तर हा तक्रार न करता शेजारी बसून तो जुळवून देई.’ स्तुतिपर विशेषणांपेक्षा असा प्रसंग अधिक पटतो. ‘मुलाखतीला मीही होतो, निवड योग्य झाली’ हे एकदाच म्हणावे. दुसऱ्यांदा म्हटले की सल जाणवते.

मित्राला एरवी आपण ‘अरे-तुरे’ करतो. सभेत मात्र आरंभी ‘आपले नवे व्यवस्थापक’ म्हणून मग ‘तू’वर यावे, एकदम ‘आपण’ म्हटले तर दुरावा भासतो. हिंदीच्या सहवासामुळे ‘तुला अभिनंदन’ म्हणण्याचा मोह होतो. मराठीत ‘तुझे मनःपूर्वक अभिनंदन’ असेच म्हणतात.