पेपरच्या दिवशी पोट का बिघडते?

पोलीस भरती, तलाठी, स्टाफ नर्स, बँक अशा परीक्षांची तयारी करणारी आपली कितीतरी मुले-मुली सातारा-सांगलीच्या अभ्यासिकांत बसलेली असतात. त्यांच्याशी आरोग्यावर बोलायला बसलो की एक तक्रार दबक्या आवाजात हमखास येते: "मॅडम, अभ्यास झालेला असतो, पण पेपरच्या दिवशी सकाळी पोटात मुरडा येतो आणि तीन-चार वेळा पातळ होते." घरचे म्हणतात, काहीतरी अरबट-चरबट खाल्ले असेल. मित्र म्हणतात, घाबरट आहे. खरे तर पोट बिघडलेले नसते आणि मुलगा भित्राही नसतो. शरीरात नेमके काय घडते ते आज समजून घेऊ.

आपल्या आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचे मोठे जाळे असते आणि ते मेंदूशी सतत जोडलेले असते. परीक्षेची धास्ती घेतली की मेंदूतून ताणाची संप्रेरके सुटतात. त्यांचा परिणाम पोटाच्या वरच्या आणि खालच्या भागावर उलटा होतो. जठराचे काम मंदावते. त्यामुळे भूक मरते, मळमळते, पोटात गोळा आल्यासारखे वाटते. मोठ्या आतड्याची हालचाल मात्र वाढते. मळातले पाणी शोषून घेणे हे मोठ्या आतड्याचे काम. मळ घाईने पुढे ढकलला गेला की पाणी शोषायला वेळ मिळत नाही आणि शौचास पातळ होते. आतड्याचे स्नायू जोराने आवळतात, त्याची कळ येते. शिवाय ताणात आतड्याच्या जाणिवाही तीव्र होतात. एरवी लक्षातही न येणारा वायू तेव्हा दुखतो. म्हणजे कळ मनाची असली तरी खोटी नसते.

आमच्या पाहण्यातले एक उदाहरण घेऊ. जत तालुक्यातली एक मुलगी, घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच. पेपर सांगलीला अकराचा. आदल्या रात्री ती जेवली नाही. पहाटे उपाशीपोटी दोन कप चहा घेतला, घरी दोनदा शौचाला जाऊन आली आणि सहाची एसटी धरली. कवठेमहांकाळ येईपर्यंत पुन्हा कळ सुरू झाली. गाडीत सोय नाही, म्हणून तिने पाणी पिणेच बंद केले. सांगलीच्या स्टँडवर भूक लागली म्हणून वडापाव खाल्ला. पेपर सुरू झाल्यावर अर्ध्या तासात उठून बाहेर जावे लागले. वेळ गेला आणि डोके दुखू लागले ते वेगळेच. संध्याकाळी घरी आली तेव्हा पोट ठणठणीत, दोन भाकरी खाल्ल्या.

या दिवसात तीन गोष्टी एकावर एक आल्या. पहिली, धास्ती. दुसरी, चहा आणि वडापाव. पोटात काही पडले की थोड्याच वेळात मोठे आतडे हालचाल करते, ही निसर्गाचीच योजना आहे. चहा त्या हालचालीला आणखी ढोसतो आणि तळलेले-तिखट खाणे कळ वाढवते. तिने नेमके परीक्षागृहात शिरण्याआधी खाल्ले. तिसरी गोष्ट, "वाटेत लागली तर?" ही भीती. कळेची भीती वाटली की कळ येते, कळ आली की भीती वाढते. हे चक्र तोडायचे आहे.

पुढच्या परीक्षेआधी तिच्यासोबत आम्ही दिवसाची आखणी केली. रात्री मऊ वरण-भात, पण जेवायचेच. पहाटे चारला उठायचे, कोमट पाणी प्यायचे, साडेचारपर्यंत केळे किंवा थोडा उपमा खायचा. मग निवांत अर्धा-पाऊण तास हातात ठेवायचा. खाल्ल्यानंतरची आतड्याची हालचाल घरीच होऊन जाऊ द्यायची. चहा पेपर सुटल्यावर. गाडीत घोट घोट पाणी. केंद्रावर पोचल्यावर आधी शौचालय कुठे आहे ते पाहून ठेवायचे. सोय आहे हे डोळ्यांनी दिसले की निम्मी भीती उतरते.

दुसरे काम श्वासाचे. ताठ पण सैल बसा, एक हात पोटावर ठेवा. मनात चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या, पोटावरचा हात वर येऊ द्या. मग सहा आकडे मोजत हळूहळू सोडा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते आणि शांत करणाऱ्या मज्जातंतूचे काम वाढते. हे किमान पाच मिनिटे करा. गरगरले तर तुम्ही जोरात श्वास घेताय असे समजा. थांबा आणि हलका घ्या.

विहारात आनापान शिकलेले विचारतात, हे तेच का? नाही. आनापानात श्वास जसा आहे तसा फक्त पाहायचा असतो, मोजायचा किंवा लांबवायचा नसतो. रोजच्या बैठकीला ते चांगलेच आहे. ऐन कळेच्या वेळी मात्र लांब उच्छ्वास लवकर उपयोगी पडतो. दोन्हींना एकच अट: सवय आधीपासून हवी. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करून पाहिले तर फारसा फरक पडत नाही. या मुलीने तीन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ केले, आणि दोन रविवारी पहाटे चारला उठून, बरोबर अकराला घड्याळ लावून सराव पेपर सोडवला. परीक्षेच्या दिवशी घरी दोनदा जावे लागलेच, वाटेत थोडी कळही आली. पण पेपर तिने जागेवरून न उठता पूर्ण केला.

मुलाखतीचा ताण थोडा वेगळा असतो. "समोरचे आडनाव पाहतील का?" ही धास्ती आपल्या मुलांच्या पोटात असते, आणि ती उगाच आलेली नाही. ती दाबून टाकायला सांगू नका. घरात, विहारात दोन-तीन मोठ्यांना समोर बसवून खरी वाटेल अशी मुलाखत घ्या, नको वाटणारे प्रश्नही विचारा. शरीराला प्रसंग ओळखीचा झाला की आतडे कमी दचकते.

आता हे ताणाचेच आहे हे कसे ओळखायचे? परीक्षा संपली की ते थांबते, आणि झोपेतून उठवत नाही. ताप, शौचातून रक्त, सतत उलट्या, रात्री झोपमोड करणारे जुलाब, वजन घटणे यांपैकी काहीही असेल किंवा परीक्षा होऊनही दोन-तीन दिवस थांबत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. वसतिगृहातल्या इतरांनाही जुलाब असतील तर दोष पाण्याचा किंवा अन्नाचा आहे. तीन महिने दर आठवड्याला पोट दुखून शौचाची सवय बदललेली असेल, तर तो आतड्याचा वेगळा त्रास असू शकतो. त्यालाही उपचार आहेत. मुलींना पाळीच्या दिवसांत एरवीही पातळ होते. तारीख जुळत असेल तर ते ध्यानात ठेवा.

मेडिकलमधून जुलाबाच्या अँटिबायोटिक गोळ्या आणून घेऊ नका. इथे जंतू नाहीत, त्यामुळे त्या काही करत नाहीत. शौच बंद करणारी गोळीही डॉक्टरांना विचारूनच घ्या. ताप किंवा रक्त असताना ती धोक्याची आहे. जास्त वेळा पातळ झाले तर ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून घोट घोट प्या. आणि धास्ती इतकी असेल की झोप, जेवण, अभ्यास सगळेच सुटले आहे, तर टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला. तिथे मराठीतही बोलता येते.