५०० रुपयांच्या स्टॅम्पवर घेतलेली जागा तुमची होते का?



दुकान, वर्कशॉप, गोडाऊन, नर्सरी काहीही सुरू करायचं म्हटलं की पहिला मोठा खर्च जागेचा. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात, म्हणजे नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, मंचर, घोडेगाव या भागात, रोडटच जागेला मागणी जास्त आहे आणि सौदे तोंडओळखीवर पटापट होतात. "माणूस ओळखीचा आहे, स्टॅम्पवर लिहून घेऊ, नोटरी करू, रजिस्टर नंतर बघू." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. आजचा लेख या "नंतर बघू" वर आहे.

आधी तीन कागद वेगळे करा

विसार पावती म्हणजे इसार दिल्याची पावती. साठेखत म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याचा करार. खरेदीखत म्हणजे प्रत्यक्ष विक्रीचा दस्त. मालकी फक्त तिसऱ्या कागदाने बदलते, आणि तोही रजिस्टर झाला तरच.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५४ मध्ये लिहिलंय की १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. त्याच कलमात असंही आहे की नुसत्या विक्रीच्या करारामुळे त्या जागेत कुठलाही हक्क तयार होत नाही. म्हणजे साठेखत कितीही जाड असलं तरी ते मालकीचा कागद नाही.

नोंदणी कायदा १९०८ याची दुसरी बाजू सांगतो. कलम १७ प्रमाणे असा दस्त नोंदवणं सक्तीचं आहे, आणि कलम ४९ प्रमाणे न नोंदवलेल्या दस्ताचा त्या मालमत्तेवर परिणाम होत नाही. थोडक्यात, सही झाली, पैसे दिले, चावी मिळाली, तरी कायद्याच्या नजरेत मालक जुनाच.

नोटरी म्हणजे रजिस्टर नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. नोटरी तुमच्या कागदावर गोल शिक्का मारतो, लाल सील लावतो, त्याच्या रजिस्टरला नंबर टाकतो. त्यातून एवढंच कळतं की अमुक माणसाने त्याच्यासमोर सही केली. मालकी हलवायचा अधिकार नोटरीला नाही. तो दस्त दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातच नोंदवावा लागतो.

कुलमुखत्यारपत्राचंही तसंच. "साठेखत आणि पॉवर ऑफ ॲटर्नी करून देतो, झालं तुझं" असं सांगणारे भरपूर आहेत. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात स्पष्ट सांगितलं की साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असा संच करून जागेची मालकी मिळत नाही.

एक हिशोब करून बघू

समजा, मंचरजवळ पुणे-नाशिक रोडला २ गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट आहे. टायरचं दुकान टाकायला एकाने तो १२ लाखाला घेतला. सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणे, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो, त्याची किंमत १४ लाख निघते. मुद्रांक शुल्क या दोन्हींपैकी जी रक्कम जास्त तिच्यावर लागतं. शुल्काचा दर जागा ग्रामपंचायत हद्दीत आहे की नगरपंचायत-नगरपरिषद हद्दीत यावर बदलतो, म्हणून हिशोबापुरता आपण ५ टक्के धरू.

मुद्रांक शुल्क ७०,००० आणि नोंदणी फी १ टक्का म्हणजे १४,०००. एकूण ८४,००० रुपये. हे वाचवायला दोघांनी ५०० च्या स्टॅम्पवर "कायम खरेदीखत" असं लिहिलं, नोटरी केलं आणि ताबा घेतला. शेड झालं, ग्रामपंचायतीत घरपट्टी नावावर झाली, लाईट मीटर आलं. दोन वर्षं सगळं सुरळीत.

आता तीन ठिकाणी गाडी अडते.

पहिलं, बँक. दुकान वाढवायला जागा तारण ठेवून कर्ज हवंय. बँकेचा वकील सर्च घेतो. रजिस्टर खरेदीखत नाही, सातबाऱ्यावर नाव जुन्या मालकाचं. घरपट्टी आणि लाईट बिल दाखवून उपयोग नाही, कारण त्यातून वापर दिसतो, मालकी नाही. फाईल परत.

दुसरं, मूळ मालक किंवा त्याचे वारस. रोडचे भाव वाढले. मालकाने तीच जागा दुसऱ्याला रजिस्टर खरेदीखताने विकली. कलम ५० प्रमाणे नोंदणीकृत दस्त बिननोंदणी दस्ताच्या वर चढतो. पहिला म्हणतो "ताबा माझा आहे". पूर्वी अशा ताब्याला कलम ५३-अ चं संरक्षण मिळायचं. पण २४ सप्टेंबर २००१ पासून कायदा बदलला. त्यानंतरच्या करारावर ते संरक्षण हवं असेल तर तो करारसुद्धा रजिस्टर असावा लागतो. म्हणजे ५०० च्या कागदावरचा ताबा हा भाव उतरला की सुरक्षित आणि भाव चढला की धोक्यात.

तिसरं, कोर्ट. तो कागद घेऊन कोर्टात गेलं की महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाचं कलम ३४ आडवं येतं. पुरेसं शुल्क न भरलेला दस्त पुरावा म्हणून वाचताच येत नाही. कोर्ट तो अडकवून ठेवतं आणि कमी पडलेलं शुल्क दंडासह भरायला सांगतं. दंड दरमहा २ टक्के. आपल्या उदाहरणात शुल्क ६९,५०० ने कमी आहे. महिन्याला १,३९०, म्हणजे २४ महिन्यांचे ३३,३६०. शुल्क धरून १,०२,८६० रुपये. दंड वाढत वाढत कमी पडलेल्या शुल्काच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो.

आणि आता खरा मुद्दा

लोकांना वाटतं, दंड भरला की प्रकरण मिटलं. नाही मिटत. मुद्रांक आणि नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुद्रांक हा सरकारचा कर आहे, तो उशिरा दंडासह भरता येतो. नोंदणीला मात्र मुदत आहे.

सही झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करावा लागतो. तातडीची गरज किंवा टाळता न येणारी अडचण असेल तर आणखी ४ महिने मिळू शकतात, पण नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंड लागतो. हे आठ महिने गेले की तो कागद नोंदवायचा दरवाजा बंद. म्हणून वरच्या माणसाने १,०२,८६० भरले तरी त्याला मिळतो तो पुरेसं शुल्क भरलेला, पण मालकी न देणारा कागद.

मग हातात काय उरतं? विकणारा हयात असेल आणि तयार असेल, तर नवीन खरेदीखत किंवा जुन्या व्यवहाराला दुजोरा देणारा दस्त करून, आज पुन्हा सह्या करून, तो मुदतीत रजिस्टर करायचा. हा सगळ्यात स्वस्त रस्ता आहे, त्यामुळे संबंध चांगले आहेत तोवरच तो वापरा.

तो नाही म्हणाला तर दिवाणी दावा. कलम ४९ मध्ये एक खिडकी आहे: बिननोंदणी दस्त "करार झाला होता" याचा पुरावा म्हणून दाखवता येतो आणि त्यावरून खरेदीखत करून द्या अशी मागणी करता येते. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये हे मान्य केलंय. पण त्यासाठी मुद्रांक पूर्ण भरलेलं हवं, आणि साधारणपणे ठरलेल्या तारखेपासून, तारीख ठरली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून, ३ वर्षांत दावा लावायला हवा. आणि लक्षात घ्या, यात तुम्ही मालक म्हणून भांडत नाही, मालकी मागायला आलेला माणूस म्हणून भांडता.

"पण आमचा दस्त होतच नाही"

हे आपल्या भागातलं खरं कारण. तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचा ठरलेल्या क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकता येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून हे प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. म्हणून एक-दोन गुंठे घेणाऱ्याचा दस्त कार्यालयात परत जातो, आणि लोक नोटरीकडे वळतात.

३ नोव्हेंबर २०२५ ला राज्य सरकारने अध्यादेश काढला. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले असे तुकड्यांचे व्यवहार, जिथे जमीन निवासी, व्यावसायिक, औद्योगिक अशा अकृषिक वापरात मोडते, तिथे विनाशुल्क नियमित करण्याची त्यात सोय आहे. पण त्याने फक्त "तुकडा" हा दोष जातो. तुमचा कागद नोटरीचाच असेल तर मुद्रांक भरून रजिस्टर दस्त करणं उरतंच. आणि त्या तारखेनंतर शेतजमिनीतला गुंठा स्टॅम्पवर घेतला असेल, तर ही सोय तुमच्यासाठी नाही.

रजिस्टर झालं हे ओळखायचं कसं?

शुल्क आणि फी ऑनलाईन चलनाने भरली जाते, दोघं पक्ष आणि साक्षीदार कार्यालयात जातात, फोटो आणि अंगठा घेतला जातो, दस्त स्कॅन होतो. त्यानंतर दस्ताला क्रमांक आणि वर्ष मिळतं आणि सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू, निघतो. हा क्रमांक igrmaharashtra.gov.in वर शोधून बघा. सापडला नाही तर आधी दुय्यम निबंधक कार्यालयात चौकशी करा, पुढचे पैसे नंतर. त्यानंतर फेरफारासाठी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे तलाठी) पाठपुरावा करा.

रजिस्टर दस्तानेही काय होत नाही

दुय्यम निबंधक विकणाऱ्याची मालकी तपासत नाही. विकणाऱ्याकडे हक्कच नसेल तर रजिस्टर दस्तानेही तुम्हाला काही मिळत नाही. बहिणीचं नाव सातबाऱ्यावर आहे आणि तिची सही नाही, तर तिचा हिस्सा येत नाही. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ ची परवानगी लागते. भोगवटादार वर्ग २ असेल तर अटी वेगळ्या. आणि शेतजमीन घ्यायला तुम्ही स्वतः शेतकरी असावं लागतं, दुकानदार असून चालत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी सातबारा, जुने फेरफार आणि वकिलाचा सर्च, मग साठेखत रजिस्टर करून थोडी रक्कम, आणि मोठी रक्कम खरेदीखताच्या दिवशी, निबंधक कार्यालयातच, चेक किंवा आरटीजीएसने. बजेट करताना १२ लाखाची जागा १२ लाखात धरू नका, १२ लाख ८४ हजार धरा. तेवढं जमत नसेल तर सध्या रजिस्टर भाडेकराराने गाळा घ्या, पण ५०० च्या कागदावर शेड उभं करू नका.