सफरचंदावरील डाग आणि गराचे तपकिरी पडणे

सफरचंदावरील डाग आणि गराचे तपकिरी पडणे या शीर्षकाखाली सफरचंदात आढळणाऱ्या तीन भिन्न विकृतींचा विचार येथे केला आहे: खपली रोग (स्कॅब), कडू खड्डे (बिटर पिट) आणि अंतर्गत तपकिरीकरण. पहिली विकृती बुरशीमुळे होते. दुसरी फळातील कॅल्शियमच्या कमतरतेमुळे, तर तिसरी बहुधा साठवणुकीतील दोषांमुळे किंवा फळ अतिपक्व झाल्यामुळे उद्भवते. या तिन्हींपैकी कोणतीही विकृती स्वतः विषारी नाही. मात्र यांच्याशी साम्य असलेली खरी सड आणि गाभ्यातील बुरशी खाण्यास अयोग्य असते. डागाचा रंग पाहून हा भेद करता येत नाही. डाग सालीवर आहे, सालीखाली आहे की गाभ्याजवळ आहे, आणि तेथील गर कोरडा आहे की ओलसर व मऊ, यावरून तो करता येतो.

सोलापूरच्या बाजारातील सफरचंद

सोलापूरच्या बाजारात येणारे देशी सफरचंद मुख्यतः हिमाचल प्रदेश आणि काश्मीर येथून येते. ताज्या फळाचा हंगाम साधारणतः ऑगस्ट ते नोव्हेंबर असा असतो. त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत मिळणारे देशी फळ शीतगृहातील असते. श्रीनगर ते सोलापूर हा रस्त्याचा प्रवास दोन हजार किलोमीटरांहून अधिक आहे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. शीतगृहातून निघालेले फळ अशा उष्णतेत काही दिवस राहिले की त्यात दडलेले दोष लवकर प्रकट होतात. बाहेरून तुकतुकीत दिसणारे फळ कापल्यावर आत तपकिरी निघते, त्याचे हे एक कारण आहे.

डाळिंबाच्या या जिल्ह्यात ‘तेल्या’ हा रोग सर्वपरिचित आहे. फळावर डाग दिसला की तो तेल्यासारखाच असावा, असा समज त्यामुळे सहज होतो. परंतु तेल्या जिवाणूंमुळे होतो. सफरचंदावरील वरील तिन्ही विकृतींचा त्याच्याशी संबंध नाही.

खपली रोग

हा रोग व्हेंचुरिया इनइक्वालिस या बुरशीमुळे होतो. बागेत गळून पडलेल्या पानांमध्ये ही बुरशी हिवाळा काढते. वसंत ऋतूतील पावसात तिचे बीजाणू हवेत पसरून कोवळ्या पानांवर व फळांवर पडतात. पान काही तास सलग ओले राहिले आणि हवा थंड असली, तर लागण होते. काश्मीरमध्ये १९७३ साली आणि हिमाचल प्रदेशात १९८३ साली या रोगाची मोठी साथ आली होती. तेव्हापासून तेथील बागांमध्ये बुरशीनाशक फवारणीचे वेळापत्रक प्रामुख्याने या रोगाला अनुसरून आखले जाते.

फळावर प्रथम हिरवट काळसर, मखमलीसारखे डाग येतात. पुढे ते तपकिरी, खरखरीत आणि बुचाच्या लाकडासारखे कोरडे होतात. लागण लवकर झाली असेल, तर डागाखालील भागाची वाढ खुंटते आणि फळ वाकडे होते किंवा त्यास भेगा पडतात. काढणीच्या सुमारास लागण झाली असेल, तर साठवणुकीत टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके उमटतात.

फळ कापल्यावर हा डाग सालीपुरताच असल्याचे दिसते. त्याखालचा गर पांढरा व घट्ट असतो. ही बुरशी माणसाला अपाय करत नाही, त्यामुळे डागाची जागा सोलून फळ खाता येते. घरातील टोपलीत जुन्या खपल्यांपासून शेजारच्या फळांना हा रोग लागत नाही, कारण लागणीसाठी लागणारी थंड व दीर्घकाळ ओली हवा तेथे नसते. धोका असतो तो भेगांचा. भेगेतून सड निर्माण करणाऱ्या अन्य बुरशी आत शिरतात. म्हणून भेगाळलेले फळ कापून तपासल्याशिवाय खाऊ नये.

कडू खड्डे

हा रोग नसून वाढीतील विकार आहे. त्यामागे कोणताही सूक्ष्मजीव नसतो. कॅल्शियम मुळांकडून पाण्याबरोबर वर चढते आणि ज्या भागातून बाष्प अधिक बाहेर पडते तेथे अधिक पोहोचते. पानांच्या तुलनेत फळातून बाष्प कमी जाते, म्हणून फळाच्या वाट्याला कॅल्शियम थोडे येते. झाडावर फळे कमी असली, तर प्रत्येक फळ मोठे होते आणि आधीच अपुरे असलेले कॅल्शियम अधिक गरात विभागले जाते. अतिरिक्त नत्र व पालाश यांमुळे हा असमतोल वाढतो. अखेरीस काही पेशींची आवरणे टिकत नाहीत, त्या पेशी मरतात आणि कोरड्या पडतात.

बाहेरून हे डाग काही मिलिमीटर व्यासाचे, किंचित खोलगट आणि गडद दिसतात. फळाच्या देठाच्या विरुद्ध टोकाकडे, म्हणजे बुडाकडे, ते अधिक असतात. अनेकदा काढणीच्या वेळी फळ निर्दोष दिसते आणि साठवणुकीच्या पहिल्या एक-दोन महिन्यांत डाग उमटतात. साल काढल्यावर खाली तपकिरी, कोरडे, स्पंजासारखे ठिपके आढळतात. ते सालीलगतच्या गरात असतात, गाभ्याजवळ सहसा नसतात. ठिपक्यांच्या मधला गर नेहमीसारखाच असतो. या ठिपक्यांना कडवट चव असते आणि त्यावरूनच या विकाराला हे नाव मिळाले आहे.

कडू खड्डे असलेले फळ खाण्यास सुरक्षित आहे. जाड साल काढून ठिपके कोरून टाकावेत. फळाचा निम्म्याहून अधिक पृष्ठभाग असा असेल, तर ते टाकून देण्याचे कारण कडवटपणा हे असते, अपाय नव्हे. या विकारावर उपाय बागेतच करता येतो. कॅल्शियम क्लोराईडची फवारणी फळांवर अनेकदा करावी लागते. पानांवर पडलेले कॅल्शियम फळात जात नसल्यामुळे ती फळांपर्यंत पोहोचणे आवश्यक असते.

अंतर्गत तपकिरीकरण

या विकृतीत साल निर्दोष असते आणि दोष आत असतो. याची कारणे अनेक आहेत. दीर्घकाळ साठवणीसाठी शीतगृहातील हवेत ऑक्सिजन कमी ठेवला जातो. अशा हवेत कर्ब वायूचे प्रमाण फळाला सोसण्यापलीकडे गेले, तर गर तपकिरी होतो आणि त्यात लहान कोरड्या पोकळ्या पडतात. काही जातींना अतिथंड तापमान सोसत नाही. फळ उशिरा काढले किंवा फार दिवस ठेवले, तर वार्धक्यामुळे गर पिठूळ व तपकिरी होतो.

याला सड म्हणता येणार नाही. गर घट्ट किंवा किंचित पिठूळ आहे, आंबूस वास नाही आणि बुरशीचे तंतू नाहीत, एवढे पाहून असे फळ खाता येते. चव मात्र फिकी असते. मद्यासारखा वास येत असेल, तर फळ आंबू लागले आहे, ते टाकावे.

कापल्यानंतर हवेमुळे येणारा तपकिरी रंग याहून निराळा आहे. सुरीने पेशी फुटल्यावर त्यांतील द्रव्यांचा एका विकराच्या साहाय्याने ऑक्सिजनशी संयोग होतो आणि काही मिनिटांत सर्व कापलेला पृष्ठभाग रंगतो. लिंबाचा रस लावल्यास हे लांबते. कापताच दिसलेला रंग हा फळातील दोष असतो. नंतर चढलेला रंग हवेमुळे येतो.

खाण्यास अयोग्य फळ

डागाखालील गर ओलसर, मऊ आणि बोटाने दाबल्यास खचणारा असेल, तर ती सड होय. अशा सडीवर निळसर हिरवी बुरशी उगवली असेल, तर ती बहुधा पेनिसिलियम एक्सपान्सम असते. ही बुरशी पॅट्युलिन हे विष निर्माण करते. सफरचंदाच्या रसात त्याची कमाल मर्यादा आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकांनुसार प्रतिकिलोग्रॅम ५० मायक्रोग्रॅम आहे आणि भारतातील मर्यादाही तेवढीच आहे. उकळल्याने हे विष पूर्णपणे नष्ट होत नाही. त्यामुळे सडका भाग काढून उरलेल्याचा मुरंबा किंवा रस करणे योग्य नाही.

गाभ्यातील बुरशी बाहेरून मुळीच दिसत नाही. डेलिशस गटातील काही फळांमध्ये बुडापासून बियांच्या कप्प्यापर्यंत बारीक वाट उघडी राहते आणि त्या वाटेने बुरशी आत जाते. कापल्यावर बियांभोवती करडा, पांढरा किंवा काळा कापसासारखा थर दिसतो. असे फळ टाकून द्यावे.

छायाचित्रांवरून ओळख

एका छायाचित्रावरून निदान करता येत नाही. संपूर्ण फळ, बुडाकडील बाजू, डागाची साल काढलेली जागा आणि देठापासून बुडापर्यंत उभा छेद अशी चार छायाचित्रे उपयोगी ठरतात. छेदाचे छायाचित्र कापताच, सूर्यप्रकाशात आणि फ्लॅशशिवाय घ्यावे. दहा मिनिटांनी घेतलेल्या छायाचित्रात अंतर्गत तपकिरीकरण आणि हवेने आलेला रंग वेगळे ओळखता येत नाहीत. वास, चव आणि मऊपणा छायाचित्रात उतरत नाहीत, म्हणून बोटाने दाबून व हुंगून पाहिल्याखेरीज निष्कर्ष काढू नये.

उदाहरणादाखल, मार्च महिन्यात सोलापुरात घेतलेल्या शीतगृहातील सफरचंदांपैकी चार फळे विचारात घेता येतील. पहिल्याच्या सालीवर खरखरीत काळपट खपली आहे आणि छेदात खालचा गर पांढरा आहे. हा खपली रोग असून, सोलून हे फळ खाता येते. दुसऱ्याच्या बुडाशी खोलगट ठिपके आहेत आणि सालीखाली कोरडे तपकिरी कण आहेत. हे कडू खड्डे असून, कोरून हे फळ खाता येते. तिसरे बाहेरून स्वच्छ आहे, पण गाभ्याभोवती गर तपकिरी, घट्ट व वासरहित आहे. हे अंतर्गत तपकिरीकरण असून, फळ खाण्यास हरकत नाही. चौथ्यावर एकच तपकिरी डाग आहे. तो पहिल्या तिन्हींपेक्षा फिकट व किरकोळ दिसतो, परंतु दाबल्यावर खचतो आणि छेदात ओलसर गर गाभ्याकडे निमुळता होत गेलेला आढळतो. चारांपैकी टाकून देण्याजोगे फळ हेच आहे.

आपटल्यामुळे झालेली इजाही तपकिरी व मऊ असते आणि ती या चौथ्या डागासारखी भासू शकते. ताज्या इजेत साल अखंड असते, डाग दिवसागणिक पसरत नाही आणि कुजकट वास येत नाही. एवढे जुळल्यास इजेचा भाग काढून उरलेले फळ त्याच दिवशी खावे. डाग पसरताना दिसला, तर इजेच्या जागी सड सुरू झाली आहे असे समजून फळ टाकावे.